मनशुद्धी, वचनशुद्धी

मी सतरा वर्षांची असताना आमच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता आणि त्या चार महिन्यांत आमच्या घरी अनेकदा चौका लागला. चौका लावायचा म्हणजे पहाटे उठून, सोवळ्याने, शोधलेल्या धान्याचा आणि गाळलेल्या पाण्याचा स्वयंपाक सिद्ध करायचा आणि महाराज आहाराला निघाले की हातात कलश घेऊन दाराशी उभे राहायचे. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानेच, ओंजळीत घेऊन आहार करतात. कोणत्या दारी थांबायचे हे त्यांनी मनाशी धरलेल्या नियमावर अवलंबून असते, त्यामुळे कित्येकदा सगळी तयारी होऊनही ते पुढे निघून जातात.

त्या दिवशी सकाळी धाकट्या काकूने विहिरीचे पाणी गाळले आणि सवयीने गाळणे पिळून दोरीवर टाकले. ती लग्न होऊन आमच्या घरी आली त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. गाळणे कधी पिळायचे नसते. दुहेरी जाड कापडातून पाणी गाळले की कापडावर अडकलेले सूक्ष्म जीव गाळलेल्याच पाण्याने हलकेच एका भांड्यात उतरवायचे आणि ते भांडे दोरीने थेट पाण्याच्या पातळीपर्यंत सोडून त्याच विहिरीत रिते करायचे, कारण वरून ओतले तर ते आपटून मरतात आणि दुसऱ्या विहिरीत सोडले तर तिथले पाणी त्यांना मानवत नाही, अशी आमच्याकडची समजूत आहे. आईने दोरीवरचे पिळलेले गाळणे पाहिले आणि सगळ्यांच्या देखत काकूला म्हणाली, "तुझ्या माहेरी पाणी गाळत होते की नुसतंच पीत होते?" काकू काही बोलली नाही. तिने ते गाळणे पुन्हा धुतले आणि ती परसात जाऊन बराच वेळ आली नाही.

त्या दिवशी महाराज आमच्याच दारी थांबले. "नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ" म्हणून त्यांना आत घेतले, पाय धुतले, पूजा झाली. त्यानंतर दात्याने हात जोडून म्हणायचे असते, "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे." हे म्हटल्याशिवाय ओंजळ पुढे होत नाही. आईने हात जोडले, तोंड उघडले आणि ती थांबली. ती आवंढा गिळते आहे हे मला बाजूने दिसत होते. मग ती दोन पावले मागे सरकली आणि ते वाक्य आज्जीने म्हटले. पहाटे चारपासून राबलेल्या माझ्या आईने त्या दिवशी महाराजांच्या ओंजळीत एक घासही दिला नाही.

दुपारी आज्जी तिला एवढेच म्हणाली, "पाण्यातले जीव दिसले तुला, मग हिच्या डोळ्यांतलं पाणी कसं दिसलं नाही?"

अहिंसा म्हटले की लोक मला पहिल्यांदा खाण्यापिण्याचे विचारतात. कांदा का नाही, बटाटा का नाही, सूर्यास्तानंतर का नाही. उत्तरे माझ्याजवळ आहेत आणि ती मी देते; पण त्या सकाळपासून मला हे ठाऊक आहे की दात्याच्या त्या वाक्यात आहाराची पाळी शेवटी येते. पुढे आचार्य उमास्वामींचे तत्त्वार्थसूत्र अर्थासह वाचायला लागले तेव्हा तोच क्रम सातव्या अध्यायातही भेटला. अहिंसाव्रत स्थिर राहावे म्हणून पाच भावना सांगितल्या आहेत: वाग्गुप्ती, मनोगुप्ती, ईर्यासमिती, आदाननिक्षेपणसमिती आणि आलोकितपानभोजन. म्हणजे वाणी आवरणे, मन आवरणे, चार हात पुढची जमीन पाहून चालणे, वस्तू पाहून उचलणे आणि पाहून ठेवणे, आणि शेवटी उजेडात नीट पाहून खाणेपिणे. ज्या गोष्टीवरून जग आम्हाला ओळखते ती या यादीत पाचवी आहे.

त्याच अध्यायात हिंसेची व्याख्या आहे: "प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा." प्रमत्त म्हणजे गाफील, राग-लोभासारख्या कषायांच्या अमलाखाली असलेला; अशा अवस्थेत मन, वाणी, शरीर यांच्या व्यापाराने प्राणांना इजा होणे ही हिंसा. या व्याख्येत जीव मेला की नाही याच्याआधी मारणाऱ्याची अवस्था येते. पाहून, सावकाश पाऊल टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली अचानक एखादा जीव आला तर त्याला त्या हिंसेचा बंध लागत नाही, आणि न पाहता धावणाऱ्याच्या पायाखाली एकही मुंगी आली नाही तरी तो हिंसक ठरतो, असे टीकाकार स्पष्ट सांगतात. आई त्या सकाळी याच अर्थाने प्रमत्त होती. तिची दृष्टी गाळण्यावर इतकी खिळली होती की समोरच्या मुलीवरून ती घसरली.

म्हणून खाण्याचे नियम दुय्यम आहेत, असे मात्र मला म्हणायचे नाही. हल्ली काही जण म्हणतात की मन शुद्ध असले म्हणजे पोटात काय जाते याला महत्त्व नाही. हे बोलणे मला पटत नाही, कारण मन शुद्ध आहे हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते आणि स्वतःच्या बाबतीत आपण सगळेच उदार असतो. पाणी गाळले की नाही हे मात्र डोळ्यांना दिसते. आमच्याकडे गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. उकळलेल्या पाण्याची चोवीस तास. दूध काढल्यावर ४८ मिनिटांच्या आत गाळून तापवायचे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. दमट हवेत पिठात जीव लवकर पडतात हे जिने पावसाळ्यात पीठ चाळले आहे तिला सांगावे लागत नाही. बटाटा, रताळे, गाजर, मुळा, ओले आले ही कंदमुळे वर्ज्य, कारण त्यांच्या एकाच शरीरात अनंत जीव राहतात असे आमचे शास्त्र मानते. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याच्या दोन घटिका आधी जेवण उरकायचे असेल तर पाचच्या आतच डबा उघडावा लागतो. ऑफिसात त्या वेळी सगळ्यांचा चहा चाललेला असतो. गेली अकरा वर्षे मी त्या वेळी पोळीभाजी खाते आणि त्यातून मला जे मिळाले ते असे की रोज एकदा, ठरलेल्या वेळी, मी हातातले काम थांबवून ताटाकडे पाहते. आलोकित या शब्दाचा अर्थच पाहिलेले असा आहे. हे सगळे नियम पाहायला लावण्यासाठी आहेत.

बिघडते ते नजर स्वतःच्या ताटावरून दुसऱ्याच्या ताटावर गेली की. माझ्या ओळखीच्या एका घरात सुनेने बाहेर बटाटेवडा खाल्ला म्हणून तिच्याशी दोन दिवस कोणी बोलले नाही. त्या दोन दिवसांत त्या घरी पाणी गाळले जात होते, दिवेलागणीच्या आत जेवणे होत होती आणि त्यातल्या एकालाही आपले व्रत मोडले आहे असे वाटले नाही. मला मात्र वाटते की ते मोडले होते. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारहाण करणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. ते सांगताना डोळ्यांसमोर बहुधा बैल, घोडे आणि चाकरमाणसे होती. तरी अति भार म्हणजे काय, हे त्या सुनेला विचारले असते तर तिने सांगितले असते.

आता आईचे पुढे काय झाले ते सांगते, कारण वाणीच्या बाबतीत मी जे काही शिकले ते तिथे शिकले. त्या संध्याकाळी तिने काकूजवळ जाऊन क्षमा मागितली आणि बस्तीत जाऊन नियम घेतला की चौक्याच्या दिवशी पहाटे उठल्यापासून महाराजांचा आहार निर्विघ्न होईपर्यंत मौन पाळायचे, फक्त दात्याचे वाक्य तेवढे बोलायचे. आमच्यात नियम आणि यम असा भेद आहे: ठरावीक काळापुरते घेतले तो नियम, जन्मभरासाठी घेतले तो यम. आईने चार महिन्यांचा नियम घेतला.

पहिल्या चौक्याला ती एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात जेवढा आवाज झाला तेवढा पूर्वी कधी झाला नव्हता. काकूने पातेले चुकीच्या जागी ठेवले की आई ते उचलून योग्य जागी आपटायची. झाकणे दणकन बसत होती, पळी कढईच्या काठावर वाजत होती आणि काकूच्या चेहऱ्यावर मागच्यापेक्षा जास्त भीती होती, कारण बोललेल्या शब्दाला निदान उत्तर देता येते. वाणी आवरली होती आणि राग हातांत उतरला होता. मौन आणि अबोला यांत बाहेरून काही फरक दिसत नाही; तो ऐकायचा असेल तर भांडी ऐकावी लागतात.

पाच भावनांमधली चौथी मला त्या दिवशी कळली. वस्तू पाहून उचलावी, पाहून ठेवावी, कारण खाली एखादा जीव असेल. मुनी त्यासाठीच मोरपिसांची पिच्छी जवळ बाळगतात, तीही मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची, आणि बसण्याआधी, कमंडलू ठेवण्याआधी तिने जागा हलकेच झाडून घेतात. पण जे भांडे पाहून, हलके ठेवले जाते ते रागात ठेवता येत नाही. हे करून पाहण्यासारखे आहे: कोणाचा तरी संताप आलेला असताना भरलेला तांब्या आवाज न करता ओट्यावर ठेवायचा. हात मंद करावा लागतो, आणि हात मंद करताना मनाला त्याच्याबरोबर यावेच लागते. आज्जीने आईला पुन्हा बोलू दिले नाही, नियम मोडायलाही सांगितले नाही, फक्त म्हणाली, "मौन हातालाही असतं." चातुर्मास संपेपर्यंत चौक्याच्या दिवशी आमच्या घरात भांड्याला भांडे लागल्याचा आवाज येईनासा झाला होता.

मनाची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे भांडी वाजत नाहीत. आज्जी आम्हा मुलांना तांदुळमाशाची कथा सांगायची. स्वयंभूरमण समुद्रात एक प्रचंड महामत्स्य तोंड उघडे टाकून झोपतो आणि पाण्याबरोबर असंख्य मासे त्याच्या तोंडात जातात आणि बाहेर येतात. त्याच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा एक मासा कानातला मळ खाऊन राहतो. तो हे सगळे पाहतो आणि मनात म्हणतो, हा किती मूर्ख आहे, मी याच्याएवढा असतो तर एकालाही बाहेर सोडले नसते. त्या माशाने जन्मात एक जीव मारलेला नाही, मारण्याची त्याची ताकदही नाही, आणि तरी तो मरून सातव्या नरकात जातो.

लहानपणी मला ही शिक्षा फार क्रूर वाटायची. आता ही कथा आठवते ती रात्री फोन हातात असताना. कुठल्याशा बातमीखाली, ज्याचा मला राग आहे अशा माणसाचे वाईट झाल्याचे वाचते, आणि आत काहीतरी समाधानाने सैल होते. मी काही लिहीत नाही, पुढे पाठवत नाही, कोणाला सांगत नाही. पण कृत, कारित आणि अनुमत, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि मनाने मान्य केलेले, हे तिन्ही मन, वाणी, शरीर यांनी गुणले की नऊ वाटा होतात आणि माझे ते समाधान त्यांतल्या मनाने मान्य केल्याच्या वाटेवर उभे असते. हिंसेत आनंद मानणाऱ्या ध्यानाला आमच्याकडे रौद्रध्यान म्हणतात. ते ओळखायची माझी खूण एकच आहे: बातमी वाचून झाल्यावर मी ती पुन्हा वाचते का. दुःखाची बातमी मी क्वचितच दोनदा वाचते.

मग हे सारे किती काटेकोरपणे पाळायचे? इथे मला माझ्या वडिलांविषयी, अण्णांविषयी, लिहायला हवे. आम्ही दक्षिण महाराष्ट्रातले शेतकरी जैन. कृष्णेच्या काठी आमचा ऊस आणि हळद. हळद हा जमिनीतला कंद. ती काढताना किती जीव मरतात हे काढणाऱ्यालाच ठाऊक. ओली हळद आमच्या पानात येत नाही, शिजवून वाळवलेली चालते, पण पिकवताना तो भेद उरत नाही. शास्त्र हिंसेचे चार प्रकार करते: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचेच म्हणून मारणे संकल्पी. घरकामात घडते ती आरंभी. चरितार्थाच्या उद्योगात घडते ती उद्योगी. स्वतःच्या आणि आश्रितांच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. गृहस्थाने निदान पहिली तरी सोडायची. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये पुऱ्या झालेल्या यशस्तिलकात कोळी आणि शेतकरी यांची तुलना केली आहे: कोळ्याने दिवसभरात एकही मासा मारला नाही तरी तो पापी, शेतकऱ्याच्या नांगराखाली जीव मेले तरी तो तसा नाही, कारण दोघांचा हेतू निराळा. अण्णा हा श्लोक जाणत होते आणि त्यात लपायला त्यांना आवडत नसे.

त्याच ग्रंथात मृगसेन नावाच्या कोळ्याची कथा येते आणि ती अण्णांची होती असे मी म्हणेन, इतकी ती त्यांनी जवळ धरली होती. मृगसेन जाळे घेऊन निघालेला असताना त्याला मुनी भेटतात. मासेमारी सोड असे ते त्याला सांगत नाहीत. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून दे, एवढेच व्रत देतात. तो पहिल्यांदा जाळे टाकतो, मोठा मासा लागतो, ओळख पटावी म्हणून तो त्याला चिंधी बांधून सोडून देतो. पुन्हा जाळे टाकतो तर तोच मासा. जागा बदलतो, तरी तोच मासा. असे पाच वेळा होते, पाचही वेळा तो सोडतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. बायको दार लावून घेते, बाहेर झोपलेला असताना त्याला साप चावतो. आणि पुढच्या जन्मी मरणाच्या दाढेतून तो पाच वेळा वाचतो.

अण्णांनी पाचट न पेटवण्याचे व्रत घेतले ते ही कथा एका प्रवचनात ऐकून. ऊस तुटून गेला की शेतात पाचटाचा थर राहतो. एक काडी ओढली की तासाभरात रान मोकळे होते आणि त्यात सापापासून गांडुळापर्यंत जे असेल ते जळते. अण्णांनी पाचट एकाआड एक सरीत ओढून दाबायला सुरुवात केली, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले. मजुरी वाढली, पहिल्या वर्षी पाणी द्यायला त्रास झाला, भावकीतल्या लोकांनी डोक्यात फरक पडला म्हटले. दुसऱ्या वर्षी शेजारच्या रानातली आग वाऱ्याने बांधावरून आत आली तेव्हा अण्णा ओल्या पोत्याने ती विझवताना भाजले, पण व्रत सोडले नाही.

आणि तेच अण्णा वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कंदील घेऊन बांधावरच्या कडुनिंबाखाली जात. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे, नाहीतर पुढे त्यांच्या अळ्या उसाची मुळे खाऊन बेटेच्या बेटे वाळवतात. मी एकदा त्यांना विचारले, "अण्णा, ही उद्योगी का विरोधी?" कारण मला ते चार खाने नुकतेच पाठ झाले होते. ते म्हणाले, "मी फांदी हलवतो तेव्हा मला मारायचंच असतं. याला दुसरं नाव मी देणार नाही." त्या रात्री सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसल्यावर आपल्या दोषांच्या आलोचनेत त्यांनी भुंगेऱ्यांचे नाव घेतले. दर वर्षी घेत. व्रताची सीमा कुठवर आहे हे ते जाणत होते आणि सीमेबाहेर जे उरले त्याला चांगले नाव द्यायला त्यांनी कायम नकार दिला. काटेकोरपणा म्हणून मी जे काही पाहिले आहे त्यात याच्याहून कडक मला काही आठवत नाही. अधिक व्रते घेतलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतले काही जण आपल्या उरलेल्या हिंसेला शास्त्रातला खाना शोधून देण्यात फार तरबेज असतात.

अण्णा आता नाहीत. आई सत्याहत्तर वर्षांची आहे, तिला सोवळ्यात फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून चौका काकू लावते. गेल्या पावसाळ्यात मी गावी गेले होते तेव्हा गाळण्यातले जीव विहिरीत सोडायला मीच गेले. दोरी पाण्याला टेकल्याचे हाताला कळेपर्यंत सोडत राहायचे, मग हलका झटका द्यायचा की भांडे आडवे होते. परत आले तेव्हा स्वयंपाक झाला होता, महाराज निघाल्याची वर्दी अजून यायची होती. काकूने ओला हात पदराला पुसला, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या आईपुढे येऊन, सोवळे सांभाळून, हातभर अंतरावर उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "अक्का, काही राहिलं का?"

हे ती प्रत्येक चौक्याला विचारते, असे मला चुलतबहिणीने सांगितले. आईने लगेच मान हलवली नाही. तिने डोळे मिटले, कालचा दिवस, आजची पहाट अशी मागे जात जात आठवत राहिली, आणि तोवर काकू तशीच उभी होती.